कार्ड ब्लॉक केलं म्हणजे बिल थांबत नाही

बिनधास्त_दुकानदार: ई-मेल पाठवणाऱ्या सेवेचं वापरानुसार येणारं बिल बंद करायला लोक कशाला अर्ज-विनंत्या करत बसतात? कार्ड ब्लॉक करा, डॅशबोर्डवरून खातं डिलीट करा. पैसे कापलेच गेले नाहीत तर ते काय करणार? मी दोनदा केलंय, काही झालं नाही.

पायताणवाला_कोल्हापूर: हे वाचून राहवलं नाही, कारण मी नेमकं हेच केलं आणि 70,800 रुपयांचं बिल हातात पडलं. आमचं चपलांचं ऑनलाइन दुकान आहे. करार 1 एप्रिल ते 31 मार्च असा वर्षाचा होता. महिन्याला किमान 5,000 रुपये, त्यात 50,000 मेल, पुढच्या प्रत्येक मेलला 12 पैसे. 10 मार्चला मी खातं बंद केलं आणि कार्ड काढून टाकलं. मार्चचं बिल एप्रिलमध्ये आलं. मेल 63,000 गेले होते, म्हणजे 5,000 आणि वरच्या 13,000 मेलचे 1,560. जीएसटी धरून 7,740 रुपये 80 पैसे. याबद्दल माझी तक्रार नाही. वापराचं बिल महिना संपल्यावरच बनतं, त्यामुळे खातं बंद केल्यानंतरही एक बिल येणारच.

तक्रार दुसऱ्या बिलाची. करार आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू होणार होता आणि तो थांबवायचा तर मुदतीच्या 30 दिवस आधी, म्हणजे 1 मार्चपर्यंत, लेखी कळवायला हवं होतं. मी नऊ दिवस उशिरा जागा झालो, तेही लेखी काही न देता. त्यांनी बारा महिन्यांचे 60,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावला. कार्ड ब्लॉक असल्यामुळे पैसे कापले गेले नाहीत, पण देणं तसंच राहिलं आणि महिन्याभरात वसुलीची नोटीस आली.

बिनधास्त_दुकानदार: म्हणजे तुम्ही करार वाचला नाही, आणि दोष माझ्या सल्ल्याला? माझ्याकडे किमान रकमेची अटच नव्हती. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 15,000 च्या वरची रक्कम ओटीपीशिवाय कार्डावरून आपोआप जात नाही. 70,800 कोण कापणार होतं?

सीए_नाशिक: अर्धं बरोबर आहे. कार्डावरून आपोआप पैसे कापायची आपण देतो ती परवानगी, म्हणजे ई-मँडेट, तिला ती मर्यादा आहे, आणि पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचनाही यायला हवी. पण तो नियम फक्त कापण्याच्या पद्धतीचा आहे. देणं करारातून येतं, मँडेटमधून नाही. तुमचे दोन्ही अनुभव बिन-अटीच्या खात्यांचे आहेत, ते पायताणवाल्यांना लागू होत नाहीत.

रात्रीचा_डेव्हलपर: कराराचं चालू द्या, पण वापर थांबलाय का हे कोणी तपासलं? आमच्या एका ग्राहकाने खातं ‘सोडलं’ आणि पुढच्या महिन्यात 9,000 मेलचं बिल आलं. जुन्या चाचणी सर्व्हरवरच्या संपर्क फॉर्मला बॉट लागले होते आणि त्या फॉर्ममध्ये त्या खात्यातून मेल पाठवू देणारा गुप्त कोड, म्हणजे एपीआय की, तशीच पडून होती. म्हणून आधी तारखेनुसार वापराचा अहवाल काढा, कुठली की मेल पाठवतेय ते बघा, नवीन सेवा चालू झाली की जुन्या सगळ्या की रद्द करा. तीन-चार दिवस आकडा शून्य राहिला की मगच खातं बंद करा. बाउन्स झालेल्या, म्हणजे मेल परत आलेल्या, आणि नको म्हटलेल्या पत्त्यांची यादी उतरवून घ्या, नाहीतर नव्या सेवेवर त्याच मृत पत्त्यांना मेल जाऊन पहिल्याच आठवड्यात बदनामी होते.

आणखी एक. मेल शून्य म्हणजे बिल शून्य असं नाही. ॲमेझॉनच्या एसईएस या मेल सेवेत मेलला किमान रक्कम नाही, पण मेल पाठवायला स्वतंत्र आयपी पत्ता घेतला असेल तर तो परत करेपर्यंत महिन्याला 24.95 डॉलर लागतच राहतात.

ताई_पेमेंट_अडकलं: माझं उलटं झालंय. पेमेंट गेटवे बंद केला तर बिल राहू दे, माझेच पैसे त्यांच्याकडे अडकलेत. 41,000! कधी देणार विचारलं तर ‘चार्जबॅकचा काळ संपू द्या’ एवढंच, म्हणजे ग्राहक बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागू शकतो तो काळ. शिवाय बंद करण्याआधी मी तीन ऑर्डरचे परतावे केले, त्यांचं कमिशन परत मिळालं नाही ते वेगळंच. गेटवेवर तर यूपीआयलाही पैसे कापतात, सरकारने शून्य केलंय ना?

सीए_नाशिक: यूपीआय आणि रुपे डेबिटवरचा एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून बँका घेतात ते कमिशन, जानेवारी 2020 पासून शून्य आहे. गेटवे घेतो ते स्वतःच्या सेवेचं शुल्क. राग समजतो, पण दोन्ही एक नाहीत.

ताई_पेमेंट_अडकलं: कापलं ते कापलंच ना? नाव बदलून घेतलं म्हणजे झालं का?

रात्रीचा_डेव्हलपर: ताई, अडकण्याचं कारण खोटं नाही. कार्डाचा ग्राहक साधारण 120 दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो. तेव्हा तुमचं खातं बंद असेल तर परतफेडीचा भार गेटवेवर येतो, म्हणून ते रक्कम रोखून धरतात. किती दिवस आणि किती, हे तुमच्या करारात लिहिलेलं असतं. तोच आकडा धरून लेखी मागा.

ताई_पेमेंट_अडकलं: माझे सगळे व्यवहार यूपीआयचे आहेत, कार्डाचा एकही नाही! मग हे 120 दिवस माझ्यावर का?

रात्रीचा_डेव्हलपर: हा मुद्दा पक्का आहे, हेच पत्रात लिहा. व्यवहारांची यादी जोडा.

बिनधास्त_दुकानदार: पायताणवाले, शेवटी भरलेत की नाही ते सांगा. नाहीतर हे सगळं भीती दाखवणंच आहे.

पायताणवाला_कोल्हापूर: भीती नाही, हिशेब. कराराच्या कलमासकट पत्र पाठवलं, त्यात लिहिलं: 10 मार्चला तुमच्याच डॅशबोर्डवरून बंद केल्याची पोच माझ्याकडे आहे, तीच नोटीस धरा, फार तर तीस दिवसांचे पैसे घ्या. दोन वेळा नकार आला. तिसऱ्या वेळी वरच्या माणसाने एप्रिलचे 5,000 आणि जीएसटी, म्हणजे 5,900 वर मान्य केलं. उरलेल्या 64,900 ची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, मागून घेतली. फक्त ‘माफ केलं’ असा मेल घेऊन मी गप्प बसलो नाही.

सीए_नाशिक: हे फार महत्त्वाचं केलंत. क्रेडिट नोट नसेल तर त्यांच्या हिशेबात बिल उघडंच राहतं. वादातल्या बिलाचं जीएसटी क्रेडिटही घाईने घेऊ नका. 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते व्याजासकट उलटवावं लागतं.

वकील_सोलापूर: एक विचारतो. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेली पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही. बारा महिन्यांचे पैसे वाजवी ठरतील का?

सीए_नाशिक: समोरचा म्हणेल, ही भरपाई नाहीच, सेवा राखून ठेवल्याची किंमत आहे. यावर दोन्ही बाजूंनी वाद होऊ शकतो. 60,000 साठी कोर्टात जाण्यापेक्षा तडजोड मिळाली ते बरं झालं.

वकील_सोलापूर: तडजोडीला माझी हरकत नाही. पण पहिल्याच पत्रात कलम 74 चा उल्लेख असता तर दोन नकार वाचले असते, असं माझं मत आहे.

बिनधास्त_दुकानदार: बरं, माझी तिसरी सेवा अजून चालू आहे. करार आत्ता उघडला. मुदत 31 डिसेंबर, नोटीस 60 दिवस आधी, आणि तीही बिलिंगच्या एका वेगळ्याच पत्त्यावर, डॅशबोर्डवरून नाही. हे मी वाचलं नव्हतं, ते मान्य. पण कार्ड काढायचं कधी ते सांगा.

पायताणवाला_कोल्हापूर: शेवटचं बिल भरून, खातं शून्य असल्याचं लेखी मिळाल्यावर. आधी काढलंत तर बिल थकतं आणि त्यावर उशिराचं शुल्क लागतं. साठ दिवस म्हणजे 1 नोव्हेंबर, आजच पाठवा आणि पोच मागा.