अनुभव धागा : तुमच्याकडे तरावीह किती रकात आणि काय पढतात?

बदलीचा_मास्तर

मी मूळचा सोलापूरचा, घरात सगळे हनफी. नोकरीमुळे दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात आलो, तिथे सगळे शाफई. पहिल्याच चाँदरातीला इशाची नमाज झाली आणि तरावीह सुरू झाली. २० रकात, दोन-दोन करून, प्रत्येक जोडीनंतर सलाम. इथवर सगळं ओळखीचं होतं. फरक कानाला जाणवला. इमामसाहेब अल्हम्दूच्या आधी बिस्मिल्लाहसुद्धा मोठ्याने पढतात, आणि 'आमीन' अख्ख्या जमातीचं एका सुरात येतं. आमच्याकडे चार रकातींनंतर प्रत्येक जण आपापली तस्बीह मनात पढतो. इथे एक बुजुर्ग मोठ्याने सलवात सुरू करतात आणि सगळी सफ साथ देते.

खरी गडबड वितरमध्ये झाली. आमच्याकडे वितरच्या ३ रकात एकाच सलामात होतात. दुसरीत बसायचं, अत्तहियात पढायची आणि उठायचं. मी सवयीने उठून उभा राहिलो, तर इमामसाहेबांनी सलाम फेरला! गोंधळून परत खाली बसलो. मग ते पुन्हा नियत बांधून एकच रकात पढायला उभे राहिले. त्या एका रकातीत कुल हुवल्लाह आणि शेवटच्या दोन्ही सूरह अशा तीन पढल्या.

त्यानंतर पंधरा दिवस मी दोनवर सलाम फेरायला शिकलो. १६व्या रात्री मात्र वेगळंच घडलं. त्या शेवटच्या रकातीत इमामसाहेब रुकूतून उठले, मी सरळ सजद्यात गेलो. डोकं जमिनीला टेकलेलं, आणि वरून आवाज येतोय, 'अल्लाहुम्मह्दिना फीमन हदैत', आणि जमात 'आमीन' म्हणतेय. शाफई मसलकात वितरची कुनूत रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यातच, आणि तीही रुकूनंतर उभं राहून. आमची 'अल्लाहुम्म इन्ना नस्तईनुक' वर्षभर असते, रुकूच्या आधी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकांनी नंतर खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हटलं, "मास्तर, उद्यापासून माझ्याकडे बघून करा."

तुमचे अनुभव लिहा. रकाती किती आणि त्यांत काय पढलं जातं, हे जरूर सांगा. आणि माझ्यासारख्या हनफी माणसाने तिथे वितर जमातीत पढावी की खोलीवर येऊन वेगळी?

मालेगावचा_हाफिज

मास्तर, वितरबद्दल आमच्या उलेमांमध्येच दोन मतं आहेत. इमाम मध्ये सलाम फेरत असेल तर हनफीने आपली वितर वेगळी पढावी, असं म्हणणारे जास्त आहेत. चालते म्हणणारेही आहेत. मी स्वतः अशा ठिकाणी तरावीह जमातीत पढतो आणि वितर एकट्याने. तुम्ही तुमच्या मुफ्तींना विचारा.

मी सोळा रमजान तरावीह पढवली आहे, तेव्हा आतल्या बाजूचं सांगतो. आमच्याकडे रोज सवा पारा असतो. हाफिजी कुरआनात पानावर १५ ओळी आणि पाऱ्याला साधारण २० पानं, म्हणजे सवा पाऱ्याची २५ पानं २० रकातींत बसवायची. रकातीला पानाहून थोडं जास्त येतं. या हिशेबाने २४ रात्रींत खतम होतो. आजारपण, प्रवास, एखाद्या रात्री कमी पढणं, हे सगळं धरून २७व्या रात्रीपर्यंत हातात जागा राहते.

लोकांना वाटतं विसरणं हाच धोका. मला जास्त भीती सारख्या दिसणाऱ्या आयतींची वाटते. १५व्या रात्री सूरह शुअरा येते, शेवटच्या आठ रकातींत. त्यात नूह, हूद, सालेह, लूत आणि शुऐब या पाच पैगंबरांच्या हकिकती एकाच साच्यात आहेत. प्रत्येकात 'इन्नी लकुम रसूलुन अमीन' येतं, मग 'फत्तकुल्लाह व अतीऊन', मग मोबदला मागत नाही ही आयत, शब्द तेच. फरक त्यानंतरच्या शब्दाला पडतो. हूदना 'अतब्नून', सालेहना 'अतुत्रकून', लूतना 'अताअतून'. एका वर्षी १७व्या रकातीत मी हूदच्या हकिकतीत होतो आणि मोबदल्याची आयत संपताच तोंडातून 'अताअतून' निघालं. म्हणजे सालेहची हकिकत पूर्ण गळाली आणि मला पत्ता नाही, कारण जीभ पुढे सुरळीत चालली होती. माझ्या पाठीमागे सामे उभा होता, माझाच शागीर्द. त्याने लुकमा दिला, 'अतब्नून'. एकच शब्द, पण मी लगेच जागेवर आलो आणि तिथून पुढे पुन्हा पढलं.

लुकमा एकानेच द्यावा, एवढी विनंती. त्याच वर्षी दुसऱ्या रात्री मागून तिघांनी तीन वेगळे शब्द दिले. मला एकही नीट ऐकू आला नाही, शेवटी रुकू करून टाकावा लागला. सुटलेला भाग पुढच्या जोडीत पढून घेतला.

चाळीस_वर्षं_त्याच_सफीत

आमच्या उस्तादांनी सांगितलं होतं की कुरआनात ५४० रुकू आहेत, आणि ते असे पाडले आहेत की एका रकातीत एक रुकू पढला तर २७ रात्रींत बरोबर खतम होतो. २० गुणिले २७, ५४०. म्हणजे २० रकात ठरलेल्याच. मक्केतही २०च आहे, मग ८वाल्यांचं काय म्हणणं आहे?

जेद्दाहून

काका, मक्केत २०च होती. मी तिथे पढलो आहे, दोन इमाम दहा-दहा वाटून घ्यायचे. पण २०२०च्या साथीच्या रमजानपासून हरमात १० रकात आणि ३ वितर केली, आणि साथ संपल्यावरही मी गेलो तेव्हा १०च होती. पहिल्यांदा १० झाल्यावर मी पुढच्या रकातीची वाट बघत उभा राहिलो, आणि वितर सुरू झाली. माझ्या मोहल्ल्यातल्या लहान मशिदीत मात्र ८ आणि ३.

मालेगावचा_हाफिज

रुकूच्या हिशेबाबद्दल थोडं सांगतो. आपल्या छापील कुरआनात हाशियावर जे ऐन असतात, त्यांची गणना बहुतेक ठिकाणी ५५८ येते. ५४०चं जुन्या बुजुर्गांकडून आलं आहे, पण आजच्या छपाईत मोजाल तर जमणार नाही. आणि तो रुकू सुन्नतीतून आलेला नाही, पढण्याच्या सोयीसाठी नंतर पाडला आहे. २०चा पुरावा तो नव्हे.

पुण्यातली_आठवाली

८वाल्यांचं म्हणणं मी सांगते, कारण आमच्या मशिदीत ८ आणि ३ होतात. बुखारीत हजरत आयेशांची हदीस आहे की रमजान असो वा दुसरा महिना, हुजूर ११ रकातींपेक्षा जास्त पढत नसत. आमची ८ रकात अर्ध्या तासात संपते असं कुणी समजू नये. आमचे इमाम दीड तास घेतात. माझ्या सासूबाई दोन रकातींनंतर भिंतीला टेकतात, कारण एका रकातीत तीन-तीन पानं असतात. रमजान अर्धा झाला की मी मागच्या सफीत खुर्चीची जागा धरते.

मालेगावचा_हाफिज

ताई, त्या हदीसबद्दल आमचं म्हणणं असं की ती तहज्जुदची आहे. आणि मुवत्तामध्ये दोन्ही आहे. हजरत उमरांनी उबै बिन काब आणि तमीम दारी यांना ११ पढवायला सांगितलं, हीही रिवायत आहे, आणि त्यांच्या काळात लोक २३ पढत, हीही.

पुण्यातली_आठवाली

२३ची रिवायत सांगणारे यझीद बिन रुमान हजरत उमरांना भेटलेले नाहीत, हेही सांगा. बाकी मला इथे वाद घालायचा नाही. माझं माहेर २०चं आहे, ईदला जाते तेव्हा तिथेच पढते.

चिंचोके

मला मशिदीचं माहीत नाही, घरचं सांगते. लातूरला माझ्या दादीकडे आम्ही सगळ्या बायका एका खोलीत पढायचो. प्रत्येकीची आपली वेगळी नमाज, इमाम कुणी नाही. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शेवटच्या १० सूरह पाठ होत्या. अलम तरापासून सुरू करायची, प्रत्येक रकातीत एक. दहावीला सूरह नास आली की अर्धी तरावीह झाली, मग पुन्हा अलम तरापासून. दोनदा फिरलं की २०. त्यामुळे रकात चुकली असं कधी झालंच नाही, सूरहच मोजून द्यायची. तरीही दादी मुसल्ल्याच्या उजव्या कोपऱ्यावर १० चिंचोके ठेवायची आणि प्रत्येक सलामानंतर एक डावीकडे सरकवायची. ते चिंचोके घासून इतके गुळगुळीत झाले होते की अंधारात हातातून निसटायचे. आज पाच माझ्याकडे आहेत, पाच बहिणीकडे.

बदलीचा_मास्तर

ताई, मी जमातीबद्दल विचारलं होतं, पण हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या गावात ज्या वर्षी हाफिज मिळत नाही, त्या वर्षी मशिदीतही याच १० सूरह दोनदा होतात.

भेंडीबाजार_गाळा

आमच्याकडे धंदेवाल्यांसाठी १० दिवसांची तरावीह असते, रोज ३ पारे. म्हणजे रकातीला ३ पानं. पिंडऱ्या भरून येतात, पण अकराव्या रात्रीपासून गाळा उघडा ठेवता येतो. तेव्हाही तरावीह सोडत नाही, फक्त छोटी सूरहवाली पढतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. हिशेब आवरून पोहोचेपर्यंत इशाची फर्ज होऊन गेलेली असते. मी थेट सफीत उभा राहून तरावीहच्या मागे इशाची नियत केली, तर एका कोकणी दोस्ताने सांगितलं की होते. इमामाने दोनवर सलाम फेरला की उठून उरलेल्या दोन पुऱ्या करायच्या. आमच्या इमामसाहेबांनी सांगितलं की तुझी इशा झालीच नाही.

मालेगावचा_हाफिज

दोघंही आपापल्या मसलकाप्रमाणे बरोबर आहेत. शाफईंकडे नफिल पढणाऱ्या इमामामागे फर्ज होते, हनफींकडे होत नाही. तुम्ही हनफी असाल तर मागे एका बाजूला आधी इशाची फर्ज आणि २ सुन्नत एकट्याने पढा, मग तरावीहला मिळा. जेवढ्या रकाती सुटल्या तेवढ्या नंतर पढा. इशाच्या आधी पढलेली तरावीह मोजली जात नाही. आधीच्या रात्रींच्या इशा परत पढाव्या लागतील, हे तुमचे इमामसाहेब नीट समजावतील.

वरचा_मजला

एक राहिलं, सजद्याची आयत. आमच्या मशिदीत वरच्या मजल्यावरून इमाम दिसत नाही. सूरह फुरकानच्या रात्री सजद्याचा ऐलान झाला होता, पण आम्ही उशिरा वर पोहोचलेल्यांनी ऐकला नाही. 'अल्लाहु अकबर' झालं आणि आमची अख्खी सफ रुकूत. खालचे लोक सजद्यात. कळलं कसं, तर 'समिअल्लाह' ऐवजी पुन्हा 'अल्लाहु अकबर' आलं आणि लगेच किरात सुरू झाली. काही जण तिथून सजद्यात गेले, काही तसेच उभे राहिले. त्या दोन रकाती आमच्या सफीतल्या बऱ्याच जणांनी नंतर पुन्हा पढल्या. आता ऐलान तरावीहच्या आधी एकदा आणि त्या जोडीच्या आधी एकदा, असा दोनदा होतो.

बदलीचा_मास्तर

आमच्याकडे या शनिवारी १६वी रात्र आहे. कुनूत वहीत लिहून घेतली आहे आणि काकांच्या शेजारची जागा सांगून ठेवली आहे. वितर खोलीवर आल्यावर पुन्हा पढायची की नाही, ते सोलापूरच्या मुफ्तींना विचारून इथेच लिहितो.