‘हृदय निकामी’ आणि ‘साखरेची गोळी’: पत्रकात काय लिहावं?

गोदाकाठ: नाशिकमधल्या एका दवाखान्यासाठी रुग्णांचं पत्रक मराठीत करतेय. हार्ट फेल्युअरला ‘हृदय निकामी होणे’ लिहिलं, तर वडीलच घाबरले. त्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३० आहे, तरी रोज गंगापूर रोडवर फिरून येतात. शिवाय त्यांना हृदयासाठी दिलेल्या डापाग्लिफ्लोझिनला ‘मधुमेहाची गोळी’ म्हणावं का? त्यांना मधुमेह नाही.

शब्दवेडा: ‘हृदयदौर्बल्य’ लिहा. औषधाच्या गटाला ‘सोडियम-शर्करा सहवाहक रोधक’. मराठीत शब्द असताना उसने कशाला?

आडगावकर: एवढं नाव कोण वाचणार? मेडिकलवाला ‘साखरेची गोळी’च म्हणतो. मात्र मधुमेह नसलेल्यानं घेतली तर साखर उतरून चक्कर यायची.

डॉ. पंचवटी: तसं सहसा होत नाही. मूत्रपिंड गाळलेली साखर सोडियमबरोबर परत रक्तात घेतं. ही गोळी त्यातला बराचसा भाग अडवते, म्हणून साखर लघवीतून जाते. रक्तातली तूट यकृत भरून काढतं. साखर खूप उतरण्याची भीती इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड सोबत असेल तर. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना हीच गोळी देऊन केलेल्या २०१९ च्या डापा-एचएफ अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हता, आणि फायदा त्यांनाही झाला. ‘मधुमेहाची’ लिहिलंत, तर ‘मला कुठे शुगर आहे?’ म्हणून लोक गोळी सोडतील. हार्ट फेल्युअरच्या बाकीच्या गोळ्या, म्हणजे सॅक्युबिट्रिल-वालसार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, यांचे डोस रक्तदाब, नाडी, पोटॅशियम बघत वाढवावे लागतात. हिचा पहिल्या दिवसापासून १० मिलिग्रॅमच.

सिन्नरची सून: सासूबाई हीच गोळी घेतात. लघवीच्या रिपोर्टात साखर चार प्लस आली आणि घरात सगळ्यांनी त्यांचं गोड बंद केलं! उपाशीपोटी रक्तातली साखर ९४ होती.

डॉ. पंचवटी: लघवीत साखर येणारच, गोळी काम करतेय. त्यावरून मधुमेह ठरत नाही. मात्र लघवीच्या जागी खाज, पांढरं जाणं सुरू झालं तर सांगा. बुरशी लवकर धरते.

गोदाकाठ: ‘आजारी असताना गोळी थांबवा’ असंही एक वाक्य आहे.

डॉ. पंचवटी: तसं नका लिहू. हृदयाचा रुग्ण स्वतःला रोजच आजारी समजतो. ‘उलट्या-जुलाब होत असतील किंवा जेवण जात नसेल, तर ही गोळी थांबवून लगेच फोन करा, बाकीच्या गोळ्यांचं तेव्हाच विचारा’ असं लिहा. अशा वेळी रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, साठू शकतात, मधुमेह असेल तर जास्तच. मळमळ, पोटदुखी, धाप लागते आणि साखर फारशी वाढलेली नसते, म्हणून ते ध्यानात येत नाही. ठरलेल्या ऑपरेशनआधी साधारण ३ दिवस बंद, तेही डॉक्टरांना विचारून.

आडगावकर: मग नवरात्रात? ‘उपासाला बंद’ असं सरळ लिहा की.

सिन्नरची सून: अहो, आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि भगर! पोट रिकामं कुठे असतं?

डॉ. पंचवटी: म्हणूनच ‘निर्जळी’ लिहा आणि तो धरण्याआधी विचारायला सांगा.

शब्दवेडा: ‘निर्जळी’ ठीक. पण छापताना ‘उपास’ नको, ‘उपवास’ हवं.

आडगावकर: का नको? आमची आजी जन्मभर उपासच करत आली.