जास्त दिलेला पगार कंपनी परत मागतेय, कापलेल्या टॅक्सचं काय?

अंधेरीकर: कंपनीत एक बंद झालेला अलाउन्स माझ्या पगारात चुकून चालूच राहिला. ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025, महिना 20,000 जास्त. आता ऑडिटमध्ये सापडलं आणि एचआरचं मेल आलं, '1,20,000 भरा.' माझ्या हातात पडले 82,560, बाकीचे 37,440 टॅक्समध्ये गेले. जे मिळालेच नाहीत ते मी का भरू? फॉर्म 16 प्रमाणे 18.5 लाख दाखवून रिटर्नही भरलंय, नवीन रेजीम.

डोंबिवली_फास्ट: एवढं काय त्यात! या वर्षीच्या पगारातून कापायला सांगा. पगार कमी झाला की टॅक्सही कमी कापतील.

मुलुंडची_माई: देऊ नका! माझ्या यजमानांकडून सरकारी खात्याने निवृत्तीनंतर वसुली काढली होती. सुप्रीम कोर्टाचा रफिक मसीह निकाल दाखवला, थांबली.

पेरोलवाला: माई, तो 2014 चा निकाल सरकारी वर्ग 3 आणि 4 चे कर्मचारी, निवृत्त वगैरेंसाठी. इथे खाजगी कंपनी आहे, तो चालेलच असं नाही.

डोंबिवलीकर, टॅक्स कमी होईल हे खरं, पण किती? गेल्या वर्षी या पैशावर 30 टक्के आणि सेस गेला. या वर्षी, 2025-26 ला, स्लॅब बदलले. पगार 18.5 लाखच असेल तर आता 20 टक्के आणि सेसच सुटेल, म्हणजे 24,960. फुकटचे 12,480 खिशातून जातील.

अंधेरीकर, कंपनीला चौथ्या तिमाहीचं 24Q, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं विवरणपत्र, दुरुस्त करायला लावा. त्यात तुमचा पगार 17.3 लाख होईल, टीडीएसचा आकडा मात्र आहे तोच राहिला पाहिजे. तसा नवा फॉर्म 16 घ्या आणि 31 डिसेंबर 2025 च्या आत रिव्हाइज्ड रिटर्न भरा. 37,440 रिफंड तुम्हालाच येईल. असं होणार असेल तर पूर्ण 1,20,000 परत करणं रास्त आहे. कंपनी टीडीएसही कमी करणार असेल, तर 82,560 च द्या. पूर्ण रक्कमही घेतली आणि टीडीएसही उतरवला, तर तुम्ही बुडालात. दुरुस्तीनंतर 26AS उघडून टीडीएस जुळतोय का, ते स्वतः बघा.

डोंबिवली_फास्ट: आणि 10E भरून सवलत?

पेरोलवाला: ती थकबाकी मिळाली तर. इथे उलटी गंगा आहे.

अंधेरीकर: एचआर म्हणतं, 'आधी पैसे भरा, 24Q नंतर बघू.'

पेरोलवाला: 'नंतर' जानेवारीत गेलं की रिव्हाइज्ड रिटर्नची मुदत संपली. दुरुस्तीची तारीख आणि टीडीएस तसाच ठेवणार हे मेलवर लिहून घ्या, मग पैसे. आणि हप्ते मागा, बहुतेक देतात.

अंधेरीकर: मेल टाकलंय. फायनान्सवाल्याला 24Q दुरुस्त करण्याचा कंटाळा दिसतोय, डोंबिवलीकरांचाच मार्ग सुचवतोय. 12,480 कंपनीने भरून द्यावेत असं म्हणू का?

पेरोलवाला: म्हणा की. देतील का, सांगता येत नाही.