अनुभव धागा : वेळ बदलली, नंबर बदलला, हे क्लायंटना कसं कळवलंत?

शिक्का_आणि_सही
आमच्या करसल्लागार ऑफिसात 1 एप्रिलपासून बदल करतोय. वेळ 10 ते 6, शनिवार बंद. निरोप सरांच्या खासगी मोबाईलवर न येता ऑफिसच्या एकाच नंबरवर किंवा ईमेलवर, आणि उत्तर एका कामाच्या दिवसात. क्लायंट बहुतेक दुकानदार आणि छोटे कारखानदार. तुम्ही असं काही केलं असेल तर कुठे अडलं ते लिहा. मसुदे नकोत, ते मिळतात कुठेही.

सांगलीचा_हिशोबनीस
आम्ही नेमकं हेच केलंय. "एका कामाच्या दिवसात उत्तर" हे वाक्य आधी काढा. लोक त्याचा अर्थ "एका दिवसात काम" असा घेतात. 19 ला संध्याकाळी खरेदीची बिलं टाकायची आणि 20 ला जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरलेलं हवं! शेवटी आम्ही दुसरं पत्र काढलं. त्यात तास नव्हतेच, तारखा होत्या. विक्रीची बिलं 5 पर्यंत दिलीत तर विक्रीचं आर-वन रिटर्न 11 च्या आत जाईल. 14 ला पोर्टलवर खरेदीची टू-बी यादी आली की 16 पर्यंत खरेदीचा मेळ आम्ही पाठवू, 18 पर्यंत तुम्ही होकार द्या. उशिरा आलेलं कामही करू, पण ते रांगेत शेवटी, आणि विलंब शुल्क तुमचं. यावर एकानेही उलट फोन केला नाही.

दुसरी अडचण ओटीपीची. मालक रात्री शटर ओढल्यावर निवांत होतो, आणि तोवर आपलं ऑफिस बंद. ओटीपी थोड्याच मिनिटांत शिळा होतो, त्यामुळे "सकाळी सांगतो" चालत नाही. आम्ही दुपारी 3 ते 5 ही वेळ ठरवली, आधी फोन करून. किराणावाल्यांना ती सोयीची पडली. हॉटेलवाले अजून कुरकुरतात.

आणि जुना ईमेल बंद करण्याआधी प्रत्येकाची जीएसटी नोंदणी उघडून बघा. जुन्या क्लायंटच्या नोंदणीत मोबाईल आणि ईमेल बरेचदा सल्लागाराचेच टाकलेले असतात. तो पत्ता बंद झाला की खात्याचा निरोप ना तुम्हाला पोचतो, ना त्यांना. आधी दुरुस्ती, मग बदल.

मुंब्रा_लोकल
एवढं कशाला? व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट टाका, मोकळे व्हा. सगळ्यांना एकदम जातो आणि कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही.

सांगलीचा_हिशोबनीस
नंबर दिसत नाही हे खरं, म्हणून ग्रुपपेक्षा बरा. पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच ब्रॉडकास्ट मिळतो. ऑफिसचा नंबर नवा असेल तर तो सेव्ह केलेला असणार कुणाकडे? जुन्या नंबरवरून पाठवा, नव्याचं कॉन्टॅक्ट कार्ड जोडा, आणि ज्यांचं उत्तर येत नाही त्यांना फोन.

लिफ्टवाली_काकू
माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे, चालेल ना? आमच्या सोसायटीच्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीने तातडीचा नंबर बदलला. पत्र सेक्रेटरींच्या फायलीत, आणि लिफ्टच्या आत स्टिकर जुनंच! वीज गेली तेव्हा सासरे आत होते, स्टिकरवरचा नंबर लावत बसले. वॉचमनने बाहेरून सोडवलं. पत्र मिळालं नाही असं म्हणता येत नाही, पण आत अडकलेल्याला पत्राचा काय उपयोग?

शिक्का_आणि_सही
चालेल काय, हे लिहूनच घेतलं. बिलबुक, लेटरहेड, दारावरची पाटी, गुगल मॅप.

तिसरी_पाळी_पुणे
आम्ही सॉफ्टवेअर सपोर्टवाले, ग्राहक इंग्लंडचे. जुना सपोर्ट ईमेल बंद करून पोर्टल सुरू केलं आणि जुन्या पत्त्यावर "आता पोर्टलवर या" असं आपोआप जाणारं उत्तर लावलं. माणसं आली. पण एका ग्राहकाच्या सर्व्हरवरचे इशारे यंत्रच त्या पत्त्यावर पाठवत होतं, आणि यंत्र काही आपलं उत्तर वाचत नाही. डिस्क भरत आल्याचे इशारे रिकाम्या पेटीत पडत राहिले. आता जुना पत्ता बंद करत नाही, तिथला मेल थेट तिकिटात वळवतो. महिनाभर कोण अजून तिथे लिहितंय ते बघतो आणि तेवढ्यांनाच फोन करतो.

वेळ कळवताना ती कोणाच्या घड्याळाची तेही लिहा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात. "दुपारी दीड ते साडेदहा भारतीय वेळ" असं लिहिलंत तर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या सकाळी 8 ऐवजी 9 ला तुम्ही उगवता.

मुंब्रा_लोकल
पण कळवलं म्हणजे लागू झालंच ना? मेल गेला, विषय संपला.

तिसरी_पाळी_पुणे
नुसता नंबर बदलला तर हो. करारात तास आणि उत्तराची मुदत लिहिली असेल, त्याचेच पैसे घेत असाल, तर तास कमी करणं एकतर्फी मेलने होत नाही. आमच्या एका ग्राहकाने नूतनीकरणापर्यंत जुनेच तास मागितले आणि आम्हाला द्यावे लागले. त्यामुळे काही महिने दोन वेळापत्रकं चालवली, फार वैताग.

शिक्का_आणि_सही
आमच्याकडे लेखी करार निम्म्यांशीही नाही. बाकी सगळं पटलं, पण सरांचा खासगी नंबर पूर्ण बंद करायचा की नाही यावर ऑफिसात दोन तट आहेत. नोटीस आली तर सरांनाच फोन, असं सर म्हणतात.

सांगलीचा_हिशोबनीस
नोटिशीसाठी ठेवा चालू. मात्र त्यावर आलेल्या बिलांच्या फोटोला उत्तर देऊ नका, अगदी "मिळालं" एवढंही नाही. आमचे साहेब अजून देतात.