ऑयलर पद्धत: h² चा h कसा होतो?

> "प्रत्येक पायरीची चूक h² च्या प्रमाणात असते, मग शेवटच्या उत्तरातली चूक फक्त h च्या प्रमाणात का?"

ऑयलर पद्धतीत समीकरणाचं उत्तर h लांबीच्या पायऱ्यांनी पुढे नेतात: नवा y = जुना y + h × तिथला उतार y'. वरच्या प्रश्नाला नेहमी मिळणारं उत्तर, की पायऱ्या १/h असतात आणि h² × १/h = h, बरोबर आहे पण अर्धं आहे. चुका नुसत्या बेरजेत जमा होत नाहीत, वाटेत वाढतातही.

y' = y, y(0) = १ घ्या आणि t = १ पर्यंत जा. h = ०.१ असताना पहिल्या पायरीला खरी किंमत १.१०५१७, आपली १.१, चूक ०.००५१७. अशा दहा मिळून ०.०५२ व्हायला हव्यात. प्रत्यक्षात उत्तर येतं २.५९३७, खरं २.७१८३, म्हणजे चूक ०.१२४५!

कारण पहिली चूक पुढच्या नऊ पायऱ्यांत दरवेळी १.१ ने गुणली जाते आणि शेवटी सुमारे ०.०१२२ होते. शेवटच्या पायरीची चूक वाढत नाही, पण तिथे y च मोठा असल्याने ती मुळातच ०.०१२७ असते. अशा दहा मिळून ०.१२४५.

खरा मुद्दा हा, की या वाढीची मर्यादा h वर अवलंबून नाही. y बदलल्यावर उतार त्याच्या फार तर किती पट बदलतो हे सांगणारा लिप्शिट्झ स्थिरांक L असेल, तर T वेळेत चूक फार तर e^(LT) पट होते, मग h कितीही लहान घ्या. म्हणूनच h चा एकच घात जातो. h = ०.०५ केल्यावर एका पायरीची चूक ०.००१२७ होते, जवळपास चौथाई. शेवटची मात्र ०.०६५०, म्हणजे निम्मीच.

L फार मोठा असेल तर ही मर्यादा खरी असूनही निरुपयोगी ठरते.