प्रतिसाद: बेसप्लेटखाली ग्राउट किती?

> प्लेट ६०० × ६०० मिमी, गॅप ४०. म्हणजे १४.४ लिटर. २५ किलोच्या दोन पिशव्या पुरतील ना?

नाही पुरणार. शटरिंग चारही बाजूंनी ५० मिमी बाहेर असेल तर ०.७ × ०.७ × ०.०४ मी, म्हणजे १९.६ लिटर. बोल्टचे चार पॉकेट १०० × १०० × ३०० मिमीचे असतील तर त्यांचेच १२ लिटर. एकूण ३१.६. एका पिशवीतून साधारण १२ लिटर निघतं (नेमका आकडा पिशवीवर असतो), म्हणून तीन घ्या.

गॅप मात्र चिपिंगनंतर पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी धरा. वेर्ण्याला एका पंपाखाली आम्ही ड्रॉइंगवरचा गॅप धरला, माल मध्येच संपला. नंतर प्लेट हातोडीने ठोकली तर मधोमध पोकळ आवाज!