वॉचमनने पाहुण्याला मारले, तर एजन्सी आणि सोसायटी जबाबदार कशी?

गंगापूररोडकर (प्रश्नकर्ता):
मेहुण्याच्या सोसायटीत गेलो असता वहीत नोंद करण्यावरून वॉचमनशी वाद झाला. त्याने गेटवरच खांद्यावर काठी मारली. एजन्सीच्या सुपरवायझरने त्याला ओरडून केबिनमध्ये बसायला सांगितले. मी रस्ता ओलांडून गाडीपाशी गेलो, तेव्हा तो मागून आला आणि दुसरा फटका मनगटावर बसला. हाड मोडले. एजन्सी म्हणते, ‘हे त्याचे वैयक्तिक कृत्य, आम्ही त्याला काढून टाकले आहे.’ माझी भरपाई कोणी द्यायची?

सिडको_सेक्युरिटी:
माझी स्वतःची लहान एजन्सी आहे, त्यामुळे मी दुसरी बाजू मांडतो. आम्ही माणसाला गेट सांभाळायला ठेवतो, मारायला नव्हे, आणि हे आमच्या नियुक्तिपत्रात लिहिलेले असते. पगार आम्ही देतो, राग आम्ही देत नाही. जो गुन्हा करेल त्याने शिक्षा भोगावी आणि भरपाईही त्यानेच द्यावी. उद्या कोणा कामगाराने सुट्टीच्या दिवशी दारू पिऊन कोणाला मारले, तर तेही आमच्याच माथी मारणार का?

इंदिरानगर_सेक्रेटरी:
सोसायटीचा यात काहीही संबंध नाही. आमच्या करारात स्पष्ट कलम आहे की रक्षकाच्या कोणत्याही वर्तनाची जबाबदारी एजन्सीची राहील. त्यामुळे दावा केलाच तर तो फक्त एजन्सीवर करावा.

सातपूरचा_फिटर:
कामावर असताना इजा झाली असेल तर कामगार भरपाईच्या कायद्याखाली अर्ज करा. माझ्या बोटाच्या वेळी मला तशीच भरपाई मिळाली होती.

दिवाणी_बाजू:
फिटरसाहेब, तो कायदा कामगाराला स्वतःला इजा झाली तर लागू होतो. येथे इजा पाहुण्याला झाली आहे, त्यामुळे तो मार्ग बंद आहे.

सुट्टीच्या दिवसाचे उदाहरण बरोबर आहे, पण ते या प्रश्नाला लागू पडत नाही. मालकाने मारहाणीची परवानगी दिली होती का, एवढेच न्यायालय विचारत नाही. दिलेल्या कामाशी त्या कृत्याचा संबंध किती जवळचा होता, हे ते तपासते. वॉचमनचे कामच मुळी लोकांना अडवण्याचे असल्यामुळे बाचाबाची, हुज्जत आणि धक्काबुक्की हा त्या कामातला ओळखीचा धोका आहे, आणि तो धोका एजन्सी स्वतःच्या धंद्यासाठी गेटवर उभा करते. नियुक्तिपत्रातली मनाईही येथे पुरत नाही. ज्याला काम दिले त्याने ते मना केलेल्या पद्धतीने केले, तरी ते कामच राहते. बसचालकाला शर्यत लावायला मनाई असूनही कंपनी जबाबदार ठरली, असा इंग्लंडमधला १८६२ चा निकाल आजही आधाराला घेतला जातो. इंग्लंडचे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण अशा दाव्यांत त्यांचा आधार नेहमी घेतला जातो.

मात्र आपल्याकडे मर्यादाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी या खटल्यात बँकेला जबाबदार धरले नाही, कारण त्या कर्मचाऱ्याकडे पैसे बँकेचा माणूस म्हणून नव्हे, तर ओळखीतला माणूस म्हणून दिले गेले होते. म्हणजे हातात नोकरी असणे आणि नोकरीचे काम करत असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

म्हणून पहिला फटका आणि दुसरा फटका वेगळे धरावे लागतील. पहिला गेटवर, नोंद करून घेण्याचे काम चालू असताना बसला आहे, त्यामुळे त्याबद्दल एजन्सीचा बचाव मला कमकुवत वाटतो. दुसऱ्याबद्दल तसे ठामपणे म्हणता येत नाही. १९६२ च्या एका इंग्रजी निकालात नृत्यगृहाच्या रक्षकाने आत एकाला मारले, व्यवस्थापकाने त्याला कामावर परत जायला सांगितले, तरी तो बाहेर जाऊन त्याच माणसाला पुन्हा मारून आला. पहिल्या मारहाणीबद्दल मालक जबाबदार ठरला, दुसऱ्याबद्दल ठरला नाही. दुर्दैवाने आपले हाड दुसऱ्या फटक्याने मोडले आहे, त्यामुळे भरपाईचा मोठा भाग याच मुद्द्यावर अवलंबून राहील. त्या वेळी तो काय म्हणत होता, हे आठवते का?

गंगापूररोडकर:
आठवते. ‘परत या गेटवर दिसलास तर बघ’ असे ओरडत तो मागे आला होता. गाडीशेजारच्या चहाच्या टपरीवरच्या दोघांनी ते ऐकले.

सिडको_सेक्युरिटी:
पण सुपरवायझरने थांबवल्यानंतरही तो गेला. आमच्या माणसाने आमची आज्ञा मोडली, तर ते आमचे काम कसे?

दिवाणी_बाजू:
हाच एजन्सीचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि तो मी हलका धरत नाही. तरीही ‘या गेटवर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका सुपरमार्केटच्या पेट्रोल पंपावरील कर्मचाऱ्याच्या प्रकरणात मालकाला जबाबदार धरले. तो ग्राहकाच्या मागे गाडीपर्यंत गेला होता, पुन्हा येऊ नकोस असे त्याने बजावले आणि मग मारहाण केली. तेथेही सुपरवायझर त्याला आवरू पाहत होता. बजावणी मालकाच्या जागेबद्दल होती, हे न्यायालयाने महत्त्वाचे मानले. पण २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की त्या निकालाचा विस्तार लोकांनी वाजवीपेक्षा जास्त केला. माणूस मालकाचे काम पुढे नेत होता की स्वतःचा सूड उगवत होता, हा फरक पाहावाच लागतो. त्यामुळे टपरीवरच्या त्या दोघांची साक्ष मनगटाच्या एक्सरेइतकीच महत्त्वाची आहे.

सेक्रेटरीसाहेब, आपले कलम आपल्यात आणि एजन्सीत लागू होते. ते पाहुण्याने सही केलेले नाही, त्यामुळे ते त्याच्यापुढे धरता येणार नाही. भरपाई द्यावी लागली तर ती एजन्सीकडून वसूल करायला ते उपयोगी पडेल, एवढेच. सामान्यतः ज्याच्या पगारपत्रकावर माणूस आहे तोच जबाबदार राहतो. पण ‘नोंद केल्याशिवाय कोणालाही सोडायचे नाही, गरज पडली तर हाकला’ अशा सूचना सोसायटी रोज देत असेल, किंवा त्याच्या उर्मटपणाबद्दल रहिवाशांनी आधी लेखी तक्रारी केल्या असूनही त्याला गेटवर ठेवले असेल, तर सोसायटीचा स्वतःचा निष्काळजीपणा हा वेगळा मुद्दा उभा राहतो.

इंदिरानगर_सेक्रेटरी:
तोंडी तक्रारी असतात, लेखी कोण करतो? आणि फुटेज तर पंधरा दिवसांत आपोआप पुसले जाते.

दिवाणी_बाजू:
म्हणूनच प्रश्नकर्त्याने आजच गेटचे त्या वेळेचे फुटेज जपून ठेवण्याचे पत्र सोसायटी आणि एजन्सी दोघांना पोच घेऊन द्यावे, आणि पाहुण्यांच्या वहीतल्या त्या पानाची प्रतसुद्धा मागावी. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मारहाणीची नोंद झाली असेल तर तिची प्रत घ्यावी. हाड मोडले म्हणजे फौजदारीत तो गंभीर दुखापतीचा मामला होतो, पण तेथे आरोपी वॉचमन असेल. एजन्सीच्या मालकाला नोकराच्या गुन्ह्याबद्दल केवळ मालक म्हणून शिक्षा होत नाही. भरपाईसाठी वेगळा दिवाणी दावा करावा लागतो. आणि केबिनमध्ये कोंडून ठेवल्याचीही तक्रार असती, तर तेवढ्या भागाची मुदत फक्त १ वर्ष असते.

सिडको_सेक्युरिटी:
मान्य, गेटवरच्या फटक्याचे मी देईन. रस्त्यापलीकडच्या मनगटाचे मात्र न्यायालयाने सांगितल्याशिवाय मी देणार नाही, आणि माझ्या जागी दुसरा एजन्सीवालाही देणार नाही.

गंगापूररोडकर:
टपरीवाल्याला आजच भेटतो. त्या दोघांपैकी एक रोज संध्याकाळी तेथेच असतो.